ग्लायसिनचा टायट्रेशन वक्र: पहिला पीकेए दहा मिलीला का सापडत नाही

*बीएस्सी तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल आहे. २० मिली ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये २० मिली ०.१ नॉर्मल HCl घातलं आणि ०.१ नॉर्मल NaOH ने, एकेक मिली घालत, ४० मिलीपर्यंत टायट्रेशन केलं. खोलीचं तापमान ३० अंश होतं. ६ मिलीला पीएच २.३१, १० ला २.५६, १४ ला २.८८, १९ ला ३.८, २० ला ६.८, २१ ला ८.३ आणि ३० ला ९.५५ आला. पुस्तकात पीकेए २.३४ आणि ९.६० आहेत, पीआय ५.९७. माझा पहिला पीकेए इतका चुकला कसा? पीआय ६.८ लिहू का? मॅडम म्हणतात सरासरी काढ, पण मग आलेख काढलाच कशाला? मीटर बिघडलाय का?*

मीटर ठणठणीत आहे. तुमची वाचनं इतकी सुसंगत आहेत की ती घरी बसून बनवलेली नाहीत हे मी पैजेवर सांगेन. चुकलंय ते एकच गृहीतक: १० मिली NaOH गेलं म्हणजे अर्धं ग्लायसिन प्रोटॉन सोडून बसलं. दुसऱ्या टप्प्यात हे गृहीतक चालतं, पहिल्या टप्प्यात चालत नाही.

ब्युरेटचा नळ उघडायच्या आधी बीकरमध्ये काय आहे, तिथून सुरुवात करू. २ मिलिमोल ग्लायसिन आणि २ मिलिमोल HCl, ४० मिलीमध्ये. आपण वहीत लिहितो की सगळं ग्लायसिन आता धन प्रभाराचं झालं, ॲमिनो गटावरही प्रोटॉन आणि कार्बॉक्सिल गटावरही. पण २.३४ पीकेएचं आम्ल म्हणजे काही ॲसेटिक आम्लासारखं मवाळ प्रकरण नाही. ०.०५ मोलर द्रावणात त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा NaOH चा एक थेंबही न पडता सुटा होतो. गणित केलं तर २ मिलिमोलपैकी अर्ध्या मिलिमोलच्या आसपास प्रोटॉन मोकळे फिरत असतात. तुमच्या वहीत शून्य मिलीचं वाचन बहुधा १.९ ते २.० च्या दरम्यान असेल. ग्लायसिन नसतं, नुसतं तेवढंच HCl असतं, तर मीटरने १.४ च्या जवळपास दाखवलं असतं. म्हणजे ग्लायसिनने बरेचसे प्रोटॉन पकडून ठेवलेत, पण सगळे नाहीत.

आता तुम्ही NaOH घालता. ते समोर येईल तो प्रोटॉन खातं, मोकळा असो की ग्लायसिनवरचा. त्यामुळे ब्युरेटवरचा आकडा सांगतो एकूण किती प्रोटॉन गेले ते. ग्लायसिनचे किती गेले, हे तो एकटा सांगत नाही. ग्लायसिनने सोडलेल्या प्रोटॉनमधले काही NaOH ने घेतले आणि काही अजून पाण्यात मोकळे आहेत. दोन्ही मोजले पाहिजेत. हिशोब एवढाच:

```
n(0)  = V × N + 10^(-pH) × (40 + V)
n(+)  = 2 − n(0)
pKa   = pH − log( n(0) / n(+) )
```

इथे V म्हणजे घातलेलं NaOH मिलीमध्ये, N त्याची नॉर्मॅलिटी, n(0) म्हणजे झ्विटरआयन झालेलं ग्लायसिन आणि n(+) म्हणजे अजून धन प्रभाराचं उरलेलं, दोन्ही मिलिमोलमध्ये. ४० ही सुरुवातीची मिली. एकूण आकारमान दर वेळी वाढतं, ते विसरायचं नाही.

तुमचं १० मिलीचं वाचन घ्या. पीएच २.५६ म्हणजे मोकळे प्रोटॉन ०.००२७५ मोलर, आणि बीकरमध्ये तेव्हा ५० मिली द्रावण. गुणाकार केला तर ०.१४ मिलिमोल. NaOH ने घेतले १ मिलिमोल. म्हणजे झ्विटरआयन झालं १.१४ आणि धन उरलं ०.८६. तुम्ही ज्याला अर्धा टप्पा समजत होता तिथे प्रत्यक्षात ५७ टक्के ग्लायसिन पलीकडे गेलेलं आहे. १.१४ भागिले ०.८६ याचा लॉग ०.१२. तो २.५६ मधून वजा केला की उरतात २.४४.

हेच ६ आणि १४ मिलीच्या वाचनांवर करून बघा. ६ मिलीला मोकळे प्रोटॉन ०.२३ मिलिमोल निघतात आणि पीकेए येतो २.४६. १४ मिलीला मोकळे फक्त ०.०७ आणि पीकेए २.४४. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच उत्तर मिळतंय. आता हीच तीन वाचनं दुरुस्ती न करता हेंडरसन-हॅसलबाल्कमध्ये घाला. ६ मिलीवरून २.६८, १० वरून २.५६, १४ वरून २.५१. उत्तर घसरत चाललंय. पीकेए हा पदार्थाचा गुण; ब्युरेट कुठे थांबवलीत यावर तो बदलायचं काहीच कारण नाही. एकाच टप्प्यावरच्या तीन-चार बिंदूंवरून काढलेला पीकेए असा एका दिशेने सरकत असेल तर काहीतरी मोजायचं राहिलंय, हे पुस्तक न उघडताही कळतं. मी प्रॅक्टिकलची जर्नल तपासायचे तेव्हा उत्तर २.३४ च्या किती जवळ आहे हे शेवटी बघायचे. आधी बघायचे की मुलाने एकापेक्षा जास्त बिंदू वापरलेत का.

आलेखावरूनच हवं असेल तर तेही जमतं. n(0) जिथे बरोबर १ मिलिमोल होतं ती जागा शोधा. तुमच्या वक्रावर ती ८ मिलीच्या थोडी पुढे येईल, पीएच २.४४ च्या आसपास. दहाच्या जागी आठ. खरा मध्यबिंदू इतका डावीकडे सरकलेला असतो. ग्लायसिन आणखी पातळ घेतलं असतं तर तो आणखी सरकला असता, कारण पातळ द्रावणात मोकळ्या प्रोटॉनांचा वाटा वाढतो. म्हणून ०.०१ मोलर ग्लायसिनवर हा प्रयोग करून पहिला पीकेए काढायला जाऊ नका. पहिला टप्पा जवळपास साध्या HCl सारखाच दिसतो.

पुस्तकात २.३४ आणि आपले २.४४. उरलेला ०.१ कुठून आला? त्यातला बहुतेक भाग बीकरमधल्या क्षारांचा आहे. काचेचा इलेक्ट्रोड प्रोटॉनची संहती मोजत नाही, क्रियाशीलता मोजतो. सोडियम आणि क्लोराइडच्या गर्दीत, तुमच्या ०.०४ मोलरच्या आसपासच्या आयनबलाला, ती संहतीच्या साधारण ०.८३ पट भरते. लॉगमध्ये हा फरक ०.०८ चा. पुस्तकातला आकडा असतो क्षार शून्यावर नेऊन काढलेला. वहीत 'प्रयोगातला, म्हणजे आभासी पीकेए २.४४' असं लिहा आणि खाली आयनबलाचं एक वाक्य. खोडरबर घेऊन २.३४ करू नका; परीक्षकाला १० मिलीचं वाचन दिसतंच.

दुसरा टप्पा सोपा आहे. ३० मिलीला पीएच ९.५५, म्हणजे मोकळे हायड्रॉक्साइड आयन ३० अंशांना दशलक्षांश मोलरच्या भाषेत पन्नासएक. त्या ७० मिलीमध्ये सगळे मिळून मिलिमोलचा काही हजारावा भाग. १ मिलिमोलपुढे ते नगण्य. त्यामुळे इथे अर्धं NaOH म्हणजे खरोखर अर्धं ग्लायसिन, आणि वाचलेला पीएच हाच पीकेए. शिवाय या भागात वक्र इतका सपाट असतो की १ मिली इकडेतिकडे झालं तरी पीएचमध्ये फरक ०.०९ चा. NaOH ची नॉर्मॅलिटी थोडी चुकली तरी दुसरा पीकेए फारसा हलत नाही.

पण त्याला हलवणारी दुसरी गोष्ट आहे, तापमान. कार्बॉक्सिल गटाचा पीकेए तापमानाला फारशी दाद देत नाही. ॲमिनो गटाचा देतो, दर अंशाला साधारण ०.०२५ ने खाली. २५ अंशांना, क्षार शून्य धरून, ग्लायसिनचा दुसरा पीकेए ९.७८ आहे. तुमच्या ३० अंशांना तो ९.६५ होतो, आणि क्षारांमुळे आणखी ०.०८ उतरून ९.५७. तुमचं ९.५५ तिथेच बसलंय. जीवरसायनाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत ९.६० दिसतो आणि भौतिक रसायनाच्या सारण्यांत ९.७८, दोन पुस्तकं समोर ठेवून गोंधळलेली मुलं मी दरवर्षी बघितली. कुणी खोटं बोलत नाही, परिस्थिती वेगळी आहे. मीटरवर तापमानाची दुरुस्ती चालू होती म्हणून हा फरक जाईल असं समजू नका. ती दुरुस्ती इलेक्ट्रोडच्या उताराची असते. ग्लायसिनचा पीकेए तापमानाने खरोखरच बदललेला असतो, त्याला मीटर काय करणार?

आता पीआय. तुम्ही २० मिलीचा ६.८ उचलला, कारण इक्विव्हॅलन्स पॉइंटला सगळं ग्लायसिन झ्विटरआयन असतं. विचार बरोबर आहे. पण वक्राच्या कुठल्या जागेवरून तुम्ही वाचताय ते बघा. १९ मिलीला ३.८, २१ ला ८.३. दोन मिलीत साडेचार पीएच. आणि ही चढण सारखी वाटलेली नाही, जवळजवळ सगळी मधल्या काही थेंबांत आहे. इक्विव्हॅलन्स पॉइंटच्या ०.१ मिली अलीकडे पीएच असतो ४.७ च्या जवळ, ०.१ मिली पलीकडे ७.३ च्या जवळ. ब्युरेटचा एक थेंब असतो ०.०५ मिलीचा. तुमचा ६.८ म्हणजे बरोबर बिंदूपेक्षा ०.०३ मिली जास्त NaOH, एका थेंबाहून कमी. तेवढी चूक ब्युरेट वाचतानाच होते. HCl २० मिली पिपेटने घेताना होते. NaOH ०.१ ऐवजी ०.०९९८ असेल तरी होते.

म्हणूनच सरासरी. त्या उभ्या भागावर पीएच वाचणं म्हणजे उभ्या कड्यावर समतल जागा शोधणं. त्याऐवजी दोन सपाट पठारांवर दोन पीकेए वाचायचे, जिथे मिलीभराची चूकही पचते, आणि त्यांच्या मधोमध पीआय धरायचा. ही सरासरी सोयीसाठी घेतलेली नाही. पीआयला धन आणि ऋण ग्लायसिन सारख्या प्रमाणात असतात. दोन्ही समतोलांची समीकरणं एकमेकांत गुणली की मधलं झ्विटरआयन दोन्हीकडून कटतं आणि प्रोटॉनच्या संहतीचा वर्ग दोन्ही स्थिरांकांच्या गुणाकाराइतका उरतो. लॉग घेतला की तीच सरासरी. म्हणजे आलेख हवाच होता, फक्त पीआय त्याच्या मध्यावरून नाही, दोन्ही बाजूंवरून वाचायचा होता.

तुमचे आकडे: २.४४ आणि ९.५५, सरासरी ६.००. पुस्तकाच्या ५.९७ ला अगदी चिकटून. यातली गंमत मला स्वतःला बऱ्याच उशिरा कळली. दोन्ही पीकेए पुस्तकापेक्षा वेगळे असूनही पीआय कसा जुळला? कारण क्षारांमुळे पहिला पीकेए ०.०८ ने वर जातो आणि दुसरा तेवढ्यानेच खाली येतो. पहिल्या समतोलात धन आयन आहे, दुसऱ्यात ऋण, आणि क्षारांची गर्दी दोघांनाही सारखीच सांभाळून घेते. सरासरीत हे दोन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात. तापमानाचा परिणाम मात्र कटत नाही, कारण तो एकाच बाजूला आहे. दुसरा पीकेए जितका उतरतो त्याच्या निम्म्याने पीआय उतरतो. आणि मोकळ्या प्रोटॉनांची दुरुस्ती केली नसती तर पीआय आला असता ६.०६. हा आकडा योगायोगाने २.३४ आणि ९.७८ च्या सरासरीशी बरोबर जुळतो, आणि चुकीच्या वाटेने गेलेला विद्यार्थी खूश होऊन घरी जातो.

इक्विव्हॅलन्स पॉइंटचं मिली मात्र आलेखावरूनच काढायचं, २० गृहीत धरायचं नाही. १८ मिलीच्या पुढे १-१ मिली घालणं थांबवा, ०.२ मिली घाला, पीएच ४ च्या वर दिसला की थेंब-थेंब. दर दोन वाचनांमधला पीएचचा फरक भागिले मिलीचा फरक काढा आणि तो मधल्या मिलीवर मांडा. टोक जिथे येईल तो बिंदू. समजा टोक २०.४ ला आलं. मग दुसरा पीकेए ३० मिलीला वाचायचा नाही, २०.४ अधिक १०.२ म्हणजे ३०.६ ला वाचायचा, कारण २०.४ यायचं नेहमीचं कारण NaOH थोडं पातळ असणं हेच असतं. HCl आणि NaOH एकमेकांशी आधी फिनॉल्फ्थॅलिनवर जुळवून बघितली असतील तर ही शंकाही राहत नाही.

४० मिलीला दुसरं टोक शोधू नका, ते दिसत नाही. तिथे पीएच आधीच ११ च्या घरात पोचलेला असतो आणि घातलेलं NaOH स्वतःच त्याला वर ढकलत असतं, त्यामुळे उडी अशी येतच नाही. हीच अडचण ओळखून सोरेनसेन यांनी फॉर्मॉल टायट्रेशन आणलं, १९०७ साली. फॉर्मॅल्डिहाइड घातलं की ते ॲमिनो गटाशी जोडलं जातं, प्रोटॉन सोडणं सोपं होतं, आणि फिनॉल्फ्थॅलिनच्या टप्प्यात स्पष्ट शेवट मिळतो. त्यानंतर दोन वर्षांनी याच गृहस्थांनी पीएचची मोजपट्टी दिली, हे व्हायव्हामध्ये विचारलं गेलं तर उपयोगी पडेल.

काही कॉलेजांच्या कृतीत 'HCl घालून पीएच १.५ करा' असं लिहिलेलं असतं. तुम्ही मोजून २० मिली घातलंत म्हणून वाचलात. १.५ पर्यंत न्यायला ग्लायसिनला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त HCl ओतावं लागतं, आणि मग पहिले काही मिली NaOH नुसतं ते जादाचं आम्ल मारण्यात जातं. अशा वेळी शून्यापासून मोजलेला कुठलाच मध्यबिंदू खरा नसतो. पहिल्या उडीपासून मागे मोजायचं: उडी ३२ मिलीला आली आणि ग्लायसिन २ मिलिमोल असेल तर ग्लायसिनची बाब १२ मिलीच्या पुढे सुरू होते. वरच्या सूत्रात V × N मधल्या V च्या जागी (V − १२) घाला, आकारमान मात्र पूर्ण V धरूनच, आणि ४० च्या जागी तुमची खरी सुरुवातीची मिली.

उडी जिथे असायला हवी तिथे वक्र मऊ पडलेला दिसला, ६ ते ७ पीएचमध्ये एक खांदा उमटला, तर NaOH ची बाटली बघा. एका कॉलेजात मी तरुणपणी शिकवत होते तिथे NaOH चा मोठा कॅन बूच नीट न लावता महिनाभर राहिला होता. सगळ्या बॅचची उडी बसकी आली आणि आम्ही दोन दिवस इलेक्ट्रोडला दोष देत होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड NaOH मध्ये कार्बोनेट होऊन बसतो, आणि कार्बोनिक आम्लाचा पहिला पीकेए ६.३५, नेमका ग्लायसिनच्या पीआयच्या शेजारी. उकळून गार केलेल्या पाण्यात ताजं NaOH करा, त्याच दिवशी वापरा. मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर लावा; नुसत्या ४ आणि ७ वर लावलेला मीटर ९.५५ ला काय दाखवतो यावर मी विश्वास ठेवत नाही. आणि चुंबकी ढवळणीचा दांडा इलेक्ट्रोडच्या काचेच्या फुग्याला लागत नाही ना, एवढं बघा.

पुढच्या आठवड्यात ग्लुटामिक आम्ल दिलं तर सरासरी आंधळेपणाने घेऊ नका. तिथे पीकेए तीन असतात, २.१९, ४.२५ आणि ९.६७, आणि निव्वळ प्रभार शून्य असलेलं रूप पहिल्या दोघांच्या मध्ये बसतं. म्हणून पीआय ३.२२. लायसिनमध्ये ते वरच्या दोघांच्या मध्ये येतं, ८.९५ आणि १०.५३, म्हणून ९.७४. आणि ग्लुटामिकचे पहिले दोन पीकेए इतके जवळ आहेत की त्यांच्यामध्ये ठळक उडी येत नाही. तिथे आलेखावर मध्यबिंदू वाचण्याऐवजी वरच्यासारखा प्रोटॉनचा हिशोबच धरावा लागतो.